ग्राफमधला एकच स्तंभ चुकलाय: चित्रातच दुरुस्त करावा, पीडीएफ उघडावी की नवा ग्राफ काढावा?

दादरला माझं डीटीपीचं काम आहे. मध्यंतरी मुलुंडच्या एका सोसायटीचा वार्षिक अहवाल छपाईला जायच्या आदल्या संध्याकाळी सेक्रेटरी काकांचा फोन आला. "ताई, टँकरच्या ग्राफमध्ये एप्रिलचे ६४ छापलेत. बिलं मोजली, ती ४६ भरतात. आकडे उलटे पडले." ग्राफ ज्यांनी काढला होता ते गावी गेलेले, मूळ फाइल त्यांच्या लॅपटॉपवर. माझ्याकडे होता तो व्हॉट्सॲपवर आलेला फोटो.

अशा वेळी तीन वाटा असतात. प्रत्येकीला लागणारा वेळ वेगळा आणि प्रत्येकीत फसायची जागाही वेगळी.

पण आधी एक प्रश्न विचाराच: अहवाल वर्डमध्ये आहे का? ग्राफ तिथेच केलेला असेल तर त्यावर राइट क्लिक केल्यावर `Edit Data` दिसतं. आकडा बदलला की स्तंभ आणि लेबल दोन्ही आपोआप बदलतात, पुढचं काही करावंच लागत नाही. ग्राफ चित्र म्हणून चिकटवलेला असेल तर हा पर्याय दिसणार नाही. काकांचा तसाच होता.

चित्रातच दुरुस्ती (गिम्प, फोटोशॉप, फोटोपी)

फाइल जेपीजी किंवा पीएनजी असेल, स्तंभ सपाट रंगाचे असतील आणि चूक एकाच आकड्याची असेल, तर माझी पसंती याला. मात्र स्तंभ अंदाजाने खाली ओढायचा नाही, मोजून घ्यायचा. गिम्पमध्ये कर्सर नेला की खाली डावीकडे त्या जागेचे आकडे दिसतात, आणि उभं अंतर वरून खाली मोजलं जातं. काकांच्या ग्राफमध्ये शून्याची रेघ ६४० वर होती आणि ८० ची १२० वर. म्हणजे ८० टँकरना ५२० पिक्सेल, एका टँकरला साडेसहा. ४६ टँकरना २९९ पिक्सेल, म्हणून स्तंभाचं टोक ३४१ वर यायला हवं. चुकीचं टोक होतं २२४ वर. पट्टी बरोबर आहे ना, हे मे महिन्यावर ताडून पाहिलं: ५८ टँकर, ३७७ पिक्सेल, टोक २६३ वर. चित्रातही तिथेच होतं. असा एक बरोबर असलेला स्तंभ तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

स्तंभ छोटा करताना खरी अडचण येते ती वर उघड्या पडणाऱ्या जागेची. २२४ ते ३४१ या पट्ट्यात ६० ची आडवी रेघ जात होती आणि स्तंभाने ती झाकली होती. पांढरा रंग भरला असता तर तिथे रेघ तुटली असती. शिवाय जेपीजीमधला पांढरा निखळ पांढरा नसतो, कडांजवळ बारीक डाग असतात, त्यामुळे स्वच्छ रंगाचं ठिगळ उठून दिसतं. उपाय त्याच चित्रात असतो. जानेवारीचे टँकर फक्त १२ होते, म्हणजे त्याच उंचीवर जानेवारीची जागा रिकामी होती आणि रेघही तिथून जात होती. तिथला नेमका तेवढा रुंद आणि तेवढा उंच तुकडा कॉपी करून, वर-खाली न हलवता आडवा सरकवत एप्रिलवर आणला. रेघ रेघेला मिळाली.

स्तंभ मोठा करायचा असेल तर हे काम वाचतं, कारण तो रेघा झाकतच वर जातो. मात्र खरा आकडा आसाच्या वरच्या टोकापलीकडे जात असेल तर चित्रात जागाच नसते आणि ही वाट तिथेच बंद होते.

स्तंभाची टोकं गोल असतील किंवा भोवती बॉर्डर असेल तर `Scale` वापरू नका, गोलाई चपटी होते. टोकाचा तुकडा कापून हवा तेवढा खाली सरकवा, आमच्या बाबतीत ११७ पिक्सेल, आणि वरची रिकामी जागा आत्ता सांगितली तशी भरा.

लेबलचं काम या वेळी सोपं झालं. ६४ चे ४६ करायचे, तर दोन्ही अंक तिथेच होते. त्यांची अदलाबदल केली आणि लेबल स्तंभाच्या नव्या टोकावर, बाकीच्या लेबलांइतकंच अंतर ठेवून बसवलं. वेगळे अंक लागले असते तर तेही याच ग्राफच्या दुसऱ्या लेबलांतून उचलले असते. तसाच फॉन्ट शोधून टाइप केलेला अंक धूसर चित्रात जास्तच धारदार दिसतो. शेवटी फाइल पीएनजी म्हणून सेव्ह केली आणि छापखान्याला डॉक्युमेंट म्हणून पाठवली. फोटो म्हणून पाठवली असती तर व्हॉट्सॲपने ती पुन्हा दाबली असती. सगळं मिळून वीस मिनिटं लागली.

या पद्धतीची मर्यादा चित्राच्या आकारात आहे. साडेसहा पिक्सेलला एक टँकर असताना एका पिक्सेलची चूक कुणाला दिसत नाही. पण चित्र इतकं लहान असेल की एका पिक्सेलमध्येच दोन-तीन टँकर बसतात, तर मोजमापाला अर्थ राहत नाही.

पीडीएफ इंकस्केपमध्ये उघडून

पीडीएफ हाताशी असेल तर ग्राफवर भरपूर झूम करा. कडा धारदार राहिल्या तर तो व्हेक्टर आहे, चौकोन चौकोन दिसले तर तेही चित्रच. व्हेक्टर असेल तर ही वाट सर्वांत स्वच्छ: ग्रुप सोडवायचे (`Ctrl+Shift+G`), स्तंभ निवडायचा, वरच्या पट्टीत `H` ची किंमत बदलायची. मागच्या रेघा सहसा मुळातच पूर्ण असतात, ठिगळ लावावं लागत नाही.

दोन ठिकाणी सांभाळा. उंची बदलल्यावर स्तंभाचं टोक जागेवर राहून पायच वर उचलला जाऊ शकतो. मग शेजारच्या स्तंभाच्या तळाशी अलाइन करून घ्यावं लागतं. दुसरं, ४६ भागिले ६४ करून जुन्या उंचीला गुणलं की नवी उंची मिळते, पण आस शून्यापासून सुरू होत असेल तरच. तो २० पासून सुरू होत असेल तर ४४ भागांपैकी २६ भाग ठेवायचे, म्हणजे सुमारे ५९ टक्के, ७२ नव्हे. या हिशेबात मी अनुभवी माणसांनाही चुकताना पाहिलंय. मराठी महिन्यांची नावं इंकस्केपमध्ये कधी कधी विस्कटतात, जोडाक्षरं तुटतात. म्हणून अंक सोडून बाकी मजकुराला हात लावू नका आणि पान मूळ पीडीएफशेजारी ठेवून पाहा.

नव्याने काढणं

सहाच आकडे: १२, २१, ३८, ४६, ५८, ३३. एक्सेल किंवा लिबरऑफिसमध्ये ग्राफ दहा मिनिटांत होतो, पण रंग, फॉन्ट, रुंदी जुळवायला त्याहून जास्त वेळ जातो. आसाची कमाल मर्यादा हाताने ८० ठेवा. आकडे कमी झाले की सॉफ्टवेअर ती आपणहून खाली आणू शकतं, आणि मग शेजारी छापलेल्या गेल्या वर्षीच्या ग्राफशी उंचीची तुलना चुकते.

मी कुठली वाट घेते ते त्या एका आकड्याला काय काय जोडलेलं आहे यावर ठरतं. काकांच्या ग्राफखाली "एकूण २२६" असं लिहिलं होतं, त्याचे २०८ करावे लागले. आधी एप्रिल सर्वांत उंच होता, आता मे झाला, म्हणून "एप्रिलमध्ये सर्वाधिक टँकर" हे अहवालातलं वाक्यही बदललं. एवढं चित्रात निभावलं. पण त्यावर सरासरीची तुटक रेघ असती तर ती तीन टँकर, म्हणजे जवळपास वीस पिक्सेल खाली आणावी लागली असती, तीही उंच स्तंभांच्या अंगावरून जाणारी. तशी रेघ असती तर मी गिम्प उघडलंच नसतं, सरळ सहा आकडे टाइप करायला घेतले असते.

काकांना दुरुस्त पान पाठवताना जुनं चित्र वेगळ्या नावाने ठेवलं आणि एप्रिलच्या बिलांचे फोटो मागवून घेतले. छापायला सोडण्याआधी ती बिलं मी स्वतः मोजली. ४६ च होती.