वर्कशीटमधला प्रश्न: 'चंद्रग्रहण कधी होतं?' की 'दर पौर्णिमेला का होत नाही?'

पहिल्या प्रश्नाला मुलं पटकन 'पौर्णिमेला' लिहितात आणि मार्क मिळतात, पण त्यातली बरीच मुलं चंद्राच्या कलासुद्धा पृथ्वीच्या सावलीमुळेच होतात असं धरून चाललेली असतात आणि ते आपल्याला कळतच नाही.

दुसरा प्रश्न मला खूप जास्त आवडतो, कारण तिथे विचार करावाच लागतो. पौर्णिमेला सूर्य, पृथ्वी, चंद्र एका ओळीत असतात ना, मग सावली दरवेळी पडायला हवी, पण चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या तुलनेत साधारण 5 अंश कललेली आहे, आणि आकाशात चंद्र दिसतो जेमतेम अर्ध्या अंशाचा, म्हणजे तो सावलीच्या मध्यापासून स्वतःच्या दहापट रुंदीएवढा वर किंवा खाली जाऊ शकतो. आणि पृथ्वीची सावली चंद्राच्या अंतरावर फक्त अडीच-पावणेतीन चंद्रांएवढीच रुंद असते, म्हणून बहुतेक वेळा तो बाजूनेच निघून जातो. दोन्ही कक्षांची प्रतलं छेदतात तिथे जवळपास पौर्णिमा आली की ग्रहण.

ऋतूंचंही तसंच, 'ऋतू कशामुळे?' विचारण्यापेक्षा 'जानेवारीत पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते, तरी उत्तर गोलार्धात थंडी का?' विचारा, मग अंतराचं उत्तर आपोआप बाद होतं आणि अक्षाचा कल सुचतो.