ताण, झोप आणि गुण: मीडिएशन घ्यावं की मॉडरेशन?

एम.ए. मानसशास्त्राच्या प्रकल्पाला ताण, झोप आणि परीक्षेतले गुण हे तीन चल घेतले, की गाडी एका प्रश्नावर हमखास अडते. झोपेला मीडिएटर धरायचं की मॉडरेटर? बॅरन आणि केनी यांनी १९८६ साली या दोन भूमिका नीट वेगळ्या करून दाखवल्या, तरी प्रकल्पांत त्यांची सरमिसळ होतच राहते. माझ्या मते याचा निर्णय सॉफ्टवेअर उघडण्याआधीच व्हायला हवा, आणि तो तुम्ही कोणती झोप मोजणार आहात यावर ठरतो.

लांज्याच्या आतल्या वाडीतून पहाटेची पहिली एसटी पकडून रत्नागिरीला कॉलेजला येणारी मुलगी घ्या. परीक्षा असो वा नसो, तिची झोप बाराही महिने अपुरीच, कारण गाडीची वेळ तिच्या हातात नाही. तिच्याच वर्गातला, हॉस्टेलवर राहणारा मुलगा एरवी व्यवस्थित झोपतो, पण परीक्षा आठवड्यावर आली की रात्री दोनपर्यंत कूस बदलत पडतो. दोघांची झोप कमीच. पण त्याची झोप ताणाने उडाली, तिची नाही.

मीडिएशन: ताण गुणांपर्यंत कसा पोचतो?

इथे हॉस्टेलवरच्या मुलाची झोप कामाची. ताण वाढतो म्हणून झोप घटते, झोप घटते म्हणून गुण घटतात, अशी ही साखळी. त्यासाठी दोन रिग्रेशन लागतात: पहिल्यात ताणावरून झोप, दुसऱ्यात ताण आणि झोप दोन्ही मिळून गुण. समजा, ताणाच्या ० ते ४० गुणांच्या मापनावर १० गुण वाढले की झोप अर्ध्या तासाने कमी होते. आणि ताण तेवढाच ठेवून झोपेचा एक तास वाढला की परीक्षेत २ गुण वाढतात. म्हणजे १० गुणांच्या ताणाने झोपेच्या वाटेने १ गुण गेला. ताणाचा थेट परिणाम आणखी दीड गुणाचा असेल, तर एकूण नुकसान अडीच गुणांचं. तपासायचा असतो तो हा झोपेच्या वाटेचा १ गुण. तो दोन सहगुणकांच्या गुणाकारातून येतो आणि गुणाकाराचं वितरण सहसा प्रसामान्य नसतं, म्हणून बूटस्ट्रॅपिंगने त्याचा कॉन्फिडन्स इंटर्व्हल काढतात. त्या इंटर्व्हलमध्ये शून्य येत नसेल तर अप्रत्यक्ष परिणाम मानायला आधार मिळतो. हेज यांच्या PROCESS मध्ये हे मॉडेल ४.

मॉडरेशन: ताण कोणाला जास्त बाधतो?

इथे एसटीने येणाऱ्या मुलीची, म्हणजे नेहमीची झोप हवी. रिग्रेशन एकच, पण त्यात ताण × झोप ही जादा संज्ञा घालायची (PROCESS मध्ये मॉडेल १). समजा, रोज साडेपाच तास झोपणाऱ्यांचे १० गुणांच्या ताणाने साडेतीन गुण जातात आणि साडेसात तास झोपणाऱ्यांचे दीडच. इथे झोप ताणाच्या परिणामाचा उतार बदलते. ती स्वतः ताणामुळे बदलली असण्याची गरज नाही.

इथली नेहमीची चूक म्हणजे मध्यकावर वर्ग दुभागून ‘कमी झोप’ आणि ‘जास्त झोप’ असे गट पाडणं, आणि एका गटात सहसंबंध सार्थ, दुसऱ्यात नाही, म्हणून मॉडरेशन सिद्ध झालं असं लिहिणं. त्याने काहीच सिद्ध होत नाही. दोन उतारांमधला फरक सार्थ आहे का, हे गुणाकाराची संज्ञाच सांगते. ती पकडायला नमुना मोठा लागतो. साठ जणांच्या वर्गात काही आढळलं नाही, तर परिणाम नाही असा अर्थ काढू नका.

मीडिएशनची जोखीम मला त्याहून मोठी वाटते. एकाच तासाला फॉर्म वाटून तिन्ही गोष्टी विचारल्या, तर झोप नसल्याने ताण वाढला की ताणामुळे झोप गेली हे आकड्यांवरून कळत नाही. बूटस्ट्रॅप कितीही वेळा चालवा. शिवाय अभ्यास न झालेल्या मुलाला ताणही येतो, तो जागतोही आणि त्याला गुणही कमी पडतात. झोपेचा यात काही हात नसला तरी साखळी दिसेल. म्हणून मागच्या सत्राचे गुण दोन्ही रिग्रेशनमध्ये घ्या. याने शंका संपत नाही, पण कमी होते.

वर्गात तीनदा जाता येत असेल तर मीडिएशन घ्या: ताण आधी, परीक्षेपूर्वीच्या आठवड्यात रोजची झोपेची नोंद, आणि निकाल शेवटी. एकदाच जाता येणार असेल तर मी मॉडरेशनच सुचवेन, आणि कार्यकारणाचे दावे तिथेही जपून करा. पिट्सबर्ग झोप-गुणवत्ता निर्देशांक वापरलात तर त्यात जास्त गुण म्हणजे वाईट झोप, त्यामुळे चिन्हं उलटी येतील. तो गेल्या महिन्याची झोप विचारतो. गणपतीच्या सुटीनंतर लगेच फॉर्म भरून घेतलेत तर भजनं-आरत्यांच्या जागरणाची झोप नेहमीची झोप म्हणून नोंदली जाईल. त्यामुळे कॉलेज सुरू होऊन निदान महिना जाऊ द्या.