गोठणबिंदूवरून मोलर वस्तुमान: पाणी घ्यावे की सायक्लोहेक्झेन?

अनोळखी पदार्थाचे मोलर वस्तुमान काढायचे असेल, तर आधी द्रावक ठरवावा लागतो. सूत्र दोन्हीकडे एकच आहे: M = i × Kf × w × 1000 / (ΔT × W). M हे मोलर वस्तुमान, w हे द्राव्याचे आणि W हे द्रावकाचे वस्तुमान, दोन्ही ग्रॅममध्ये. ΔT म्हणजे द्राव्यामुळे द्रावकाचा गोठणबिंदू जितका उतरतो तो फरक, Kf हा द्रावकाचा ठरलेला स्थिरांक, आणि i म्हणजे द्राव्याचे एक एकक विरघळल्यावर किती कणांसारखे वागते ती संख्या; न तुटणाऱ्या रेणूंसाठी ती 1. फरक पडतो तो Kf मुळे. पाण्याचा Kf 1.86, तर सायक्लोहेक्झेनचा सुमारे 20.

50 ग्रॅम पाण्यात 0.60 ग्रॅम युरिया विरघळवला, तर गोठणबिंदू जेमतेम 0.37 अंशाने उतरतो. तापमापी वाचताना 0.05 अंशाची चूक झाली, की 60 च्या जागी 53 ते 69 यांतले काहीही येऊ शकते. 50 ग्रॅम सायक्लोहेक्झेनमध्ये 0.64 ग्रॅम नॅफ्थलीन घातले, तर उतार 2 अंशांचा मिळतो. तेवढ्याच चुकीने उत्तर 128 च्या आसपास, 125 ते 131 मध्ये राहते. म्हणून पदार्थ सेंद्रिय असेल आणि विरघळत असेल, तर मी सायक्लोहेक्झेनच घेईन. तो 6.5 अंशांना गोठतो, त्यामुळे बर्फ-पाण्यावरही काम भागते. पाण्याला मात्र बर्फ आणि मीठ लागते. शुद्ध द्रावकाचा गोठणबिंदू पुस्तकातून उचलू नका. त्याच बाटलीतल्या द्रावकाचा, त्याच तापमापीने मोजा.

दोन्हीकडे एक अडचण सारखीच येते. द्रव गोठणबिंदूच्या खाली जातो, मग स्फटिक बनू लागताच तापमान वर उसळते. तो तळचा आकडा घेतला, तर ΔT फुगतो आणि M कमी येते. दर अर्ध्या मिनिटाला तापमान नोंदवून आलेख काढा, आणि गोठण्याची रेषा मागे वाढवून द्रव थंड होण्याच्या रेषेला जिथे छेदते तो बिंदू घ्या.

क्षारांसाठी निवडच उरत नाही, पाणीच घ्यावे लागते. खरा निर्णय i चा. 100 ग्रॅम पाण्यात 0.585 ग्रॅम मीठ घातले, की उतार सुमारे 0.348 अंश येतो. i = 1 धरले तर M 31 येते, i = 2 धरले तर 62.5. बरोबर उत्तर 58.5 हे i = 1.87 धरल्यावरच मिळते, कारण आयन एकमेकांना ओढतात आणि पूर्ण सुटे वागत नाहीत. मॅग्नेशियम सल्फेटमध्ये ही ओढ फार मोठी. 0.1 मोललला त्याचा i केवळ 1.21 असतो. तिथे i = 2 धरले तर 120 ऐवजी 199 येते, आणि i = 1 धरून आलेले 99.5 त्यापेक्षा जवळचे ठरते!

पेच असा, की M माहीत नसताना i मोजता येत नाही. अशा वेळी तीन-चार वेगवेगळ्या संहतींना i = 1 धरून M काढा आणि आलेख शून्य संहतीपर्यंत वाढवा. तिथे i पूर्णांक होतो, म्हणून आयनांची संख्या माहीत असेल तर आलेल्या M ला तिने गुणा. विरळ द्रावणात ΔT इतका बारीक होतो, की साध्या तापमापीने हे जमत नाही. 0.01 अंशाच्या खुणा असलेला बेकमन तापमापी हवाच.