डिपॉझिटचं अरबी पत्र: मौलवी की अनुवादक?

खानापूरचा भाचा दुबईतली खोली सोडून आला. मालक डिपॉझिट देईना. इंग्रजी पत्र तयार आहे. अरबी कोणाकडून करावं, बेळगावातल्या ओळखीच्या मौलवींकडून की तिथल्या परवानाधारक अनुवादकाकडून?

मौलवींचं व्याकरण पक्कं, पैसेही घेणार नाहीत. पण घोडं अडतं एका शब्दावर. तिथल्या भाडेकरारात डिपॉझिटला ‘तअमीन’ म्हणतात. त्याचा दुसरा अर्थ विमा. म्हणून तो टाळून ‘वदीआ’ लिहिलं, की ती बँकेतली ठेव वाटते. अनुवादक करारातलाच शब्द उचलतो, पानामागे पैसे घेतो आणि शिक्का मारतो. प्रकरण भाडेवाद केंद्रात गेलं, तर हा शिक्का लागतोच. दुबईच्या २००७ च्या २६ क्रमांकाच्या भाडेकायद्याचं कलम २०, म्हणजे डिपॉझिट परत देण्याचं कलम, मात्र अरबी कोणीही केलं तरी पत्रात घालाच.

नुसती आठवण द्यायची तर मौलवी पुरेत, करार समोर ठेवून. मालक फोनच उचलत नसेल, तर अनुवादक.