व्हीपीएनचं मेंटेनन्स खरं होतं, नंतर आलेला फोन खोटा

आमची कंपनी केळीच्या धंद्यातली. मुख्य ऑफिस जळगावला, खरेदी आणि पॅकिंगची केंद्रं रावेर, सावदा, चोपडा, अमळनेर अशी पसरलेली. टॅली आणि बाकीचा हिशेब जळगावच्या सर्व्हरवर असतो, म्हणून बाहेरच्या केंद्रांवरची माणसं सकाळी आल्याआल्या आधी व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये येण्याचा बंदिस्त रस्ता, जोडतात, मग कामाला लागतात. हे सगळं नेटवर्क मी बघतो. कंपनीचं नाव लिहीत नाही, पण जे घडलं ते सविस्तर लिहितोय, कारण अशी सूचना प्रत्येक ऑफिसात अधूनमधून निघतेच.

त्या आठवड्यात ऑफिसकडून सगळ्यांना मेल गेला होता. शनिवारी रात्री १० ते रविवारी पहाटे ५ व्हीपीएन बंद राहील. सोमवारी सकाळी एकदा डिसकनेक्ट करून पुन्हा कनेक्ट करा. अपडेट मागितलं तर होऊ द्या. अडचण आल्यास आयटी विभागाला कळवा. नेहमीचाच मजकूर. गेटवेवर, म्हणजे बाहेरून येणारं व्हीपीएन ज्या यंत्रावर जोडलं जातं तिथे, सुरक्षेचा पॅच चढवायचा होता, तेवढा वेळ सगळ्यांचं कनेक्शन तुटणारच होतं. आमच्याकडचा व्हीपीएन क्लायंट कनेक्ट होतानाच आपली आवृत्ती तपासतो आणि जुनी असली तर नवी थेट गेटवेवरूनच उतरवून घेतो. म्हणजे कर्मचाऱ्याला कुठली लिंक उघडायची, कुठला फॉर्म भरायचा असं काही कामच नसतं. पण हे त्या मेलमध्ये लिहिलेलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कुठल्याच कंपनीच्या सूचनेत ते लिहिलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

आता हीच सूचना भामट्याच्या नजरेनं वाचा. सोमवारी सकाळी सगळ्यांची कनेक्शनं नव्यानं जोडली जाणार, काहींची अडणार, आणि आयटीकडून काहीतरी करायला सांगितलं जाईल अशी प्रत्येकाची तयारी आहे. वर 'आयटीला कळवा' लिहिलंय, पण कोणत्या नंबरवर ते लिहिलेलं नाही. एवढी सोय त्याला स्वतःला करता आली नसती.

सोमवारी साडेदहा-अकराच्या सुमारास अमळनेरच्या केंद्रावरच्या आमच्या अकाउंट्सच्या ताईंना फोन आला. स्वच्छ मराठी, आवाजात घाई नाही. "ताई, जळगावहून आयटीतून बोलतोय. शनिवारी रात्री १० ते पहाटे ४ मेंटेनन्स झालं ना, त्यात काही युजरचे प्रोफाइल अडकलेत. तुमचं यादीत दिसतंय. मेलवर लिंक टाकलीय, व्हेरिफाय करून घ्या, नाहीतर दुपारनंतर टॅली उघडणार नाही." ताईंचं व्हीपीएन सकाळी खरंच दोनदा तुटलं होतं. त्यांना वाटलं, बरं झालं, आपणहून फोन आला.

लिंक उघडली तर आमचंच लॉगिन पान. तोच लोगो, तोच हिरवा रंग. यात नवल नाही, कारण व्हीपीएनचं लॉगिन पान इंटरनेटवर उघडंच असतं, ते कुणीही बघून जसंच्या तसं उतरवू शकतो. ताईंनी नाव आणि पासवर्ड टाकला. मग पानानं मोबाईलच्या ऑथेंटिकेटर अ‍ॅपमधला सहा आकडी कोड मागितला. तो टाकल्यावर 'एरर' आलं. फोनवरचा म्हणाला, "होतं असं, अर्धा मिनिट थांबा, नवा कोड येईल तो टाका." दुसरा कोड टाकल्यावर 'प्रोफाइल अपडेट झालं' अशी पाटी आली आणि फोन बंद झाला.

बरेच जण इथे विचारतात की कोड तर ३० सेकंदांत बदलतो, मग चोरून उपयोग काय? उपयोग असा की ते खोटं पान कोड साठवून ठेवत नाही. इकडे ताई टाइप करतात आणि तिकडे तोच पासवर्ड, तोच कोड त्याच क्षणी आमच्या खऱ्या पानावर टाकला जातो. पहिल्या कोडनं तो आत शिरला. दुसऱ्या कोडनं त्यानं ताईंच्या खात्यावर स्वतःचा मोबाईल दुसरा ऑथेंटिकेटर म्हणून नोंदवून घेतला. ती 'एरर' खोटी होती, दुसरा कोड काढून घेण्यापुरतीच दाखवलेली. गेटवेच्या लॉगमध्ये नंतर हे स्वच्छ दिसलं. ताईंचं कनेक्शन अमळनेरच्या ब्रॉडबँडवरून चालू असतानाच त्याच नावानं दुसऱ्या राज्यातल्या पत्त्यावरून लॉगिन झालं होतं, आणि पाठोपाठ नव्या फोनची नोंद.

आमच्याकडे व्हीपीएन आणि मेलला पासवर्ड एकच. त्यामुळे सर्व्हरला त्यानं हातही लावला नाही, मेलमध्ये जाऊन बसला. केळीच्या खोक्यांचा पुरवठा करणाऱ्या पार्टीचं चार लाख शहाऐंशी हजारांचं बिल देणं बाकी होतं, तो पत्रव्यवहार त्यानं वाचून काढला. मग ताईंच्याच मेलवरून जळगावच्या पेमेंट डेस्कला लिहिलं की पार्टीनं बँक बदललीय, सोबत रद्द केलेला चेक जोडलाय. ताई ज्या पद्धतीनं लिहितात, 'सर, नमस्कार' पासून, अगदी तशी भाषा. आणि त्या पार्टीचे व पेमेंट डेस्कचे येणारे मेल ताईंना दिसूच नयेत म्हणून मेलबॉक्समध्ये एक नियम लावून ठेवला, ते थेट RSS Feeds नावाच्या फोल्डरमध्ये जावेत असा. ते फोल्डर कोण उघडून बघतं? डेस्कनं 'नवा खाते क्रमांक बरोबर आहे ना' असं उलट मेलवर विचारलंही होतं. उत्तर अर्थातच भामट्यानं दिलं. मंगळवारी आरटीजीएसनं पैसे गेले.

शुक्रवारी खोक्यांच्या पार्टीचा फोन आला की पैसे कधी सोडताय, तेव्हा सगळं उघडं पडलं. ताईंचा मला फोन आला तो थेट अहिराणीत, "भाऊ, आते काय करू?" एरवी त्या ऑफिसच्या फोनवर कधी अहिराणी बोलत नाहीत.

त्यांच्याकडून काय चुकलं यावर ऑफिसात बरीच चर्चा झाली, ती मला फिजूल वाटते. पकडता येण्याजोगी ठळक जागा एकच होती, ब्राउझरमधला पत्ता. नावं बदलून लिहितो:

```
खरा:  https://vpn.kampani.example/
खोटा: https://vpn-kampani-support.example/
```

कुलपाचं चिन्ह दोन्हीकडे होतं. ते चिन्ह फुकटात मिळतं आणि एवढंच सांगतं की मधला रस्ता बंदिस्त आहे, पलीकडे कोण बसलंय ते सांगत नाही. https:// नंतर जी पहिली तिरकी रेघ येते, तिच्या लगेच डावीकडचा भाग वाचायचा. खऱ्या पत्त्यात तिथे kampani.example आहे आणि त्याआधी टिंब आहे. खोट्यात vpn, kampani, support हे सगळं आडव्या रेघांनी चिकटवून एकच नवं नाव केलंय, जे कुणीही विकत घेऊ शकतो. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेच्या एफबीआय आणि सीसा या संस्थांनी अशाच फोन टोळ्यांबद्दल इशारा दिला होता, त्यातही कंपनीच्या नावाला support, ticket, employee असे शब्द रेघेनं जोडलेली नावं होती. त्याआधी जुलैमध्ये ट्विटरची मोठमोठी खाती ताब्यात गेली, तीसुद्धा आयटी हेल्पडेस्कचा माणूस बनून, व्हीपीएनच्या अडचणीबद्दल फोन करूनच. तेव्हा घरून काम चालू होतं आणि व्हीपीएन अडणं रोजचंच होतं. आमच्याकडे ती अडचण मेंटेनन्सनं पुरवली.

दुसरी खूण फोनवरच होती, पण ती आम्हाला मागाहून कळली. मेलमध्ये पहाटे ५ लिहिलं होतं, फोनवरचा ४ म्हणाला. केंद्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी ती सूचना हातानं टाइप करून टाकली होती आणि तिथे ५ चे ४ झाले होते. त्या ग्रुपमध्ये ट्रकवाले, दलाल, पुरवठादार सगळेच आहेत. माहिती आमच्या मेलमधून नाही, ग्रुपमधून गेली.

शुक्रवारी आवराआवर करताना कुणीतरी घाईनं ताईंचा पासवर्ड बदलला आणि म्हणाला, झालं. झालं काहीच नव्हतं. आधी उघडलेलं लॉगिन पासवर्ड बदलल्यावरही चालू राहू शकतं, आणि भामट्याचा फोन ऑथेंटिकेटर म्हणून नोंदलेला होताच. त्यामुळे आधी खात्याची सगळी चालू सेशन्स तोडावी लागली, मग नोंदलेल्या फोनांच्या यादीतून अनोळखी फोन काढला, मेलमधला नियम पुसला, आणि सगळ्यात शेवटी पासवर्ड पुन्हा बदलला. तुमच्या खात्याच्या सुरक्षा पानावर ही फोनांची यादी तुम्हाला स्वतःला बघता येते. एकच मोबाईल वापरत असाल आणि यादीत दोन दिसत असतील, तर पुढचं काही वाचत बसू नका, आयटीला उठवा.

पेमेंटच्या बाजूनं दोन गोष्टी बदलल्या. बँक खातं बदलल्याचा मेल आला की आता पार्टीला फोन जातो, तोही जुन्या बिलावरच्या नंबरवर, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. आणि आरटीजीएस, एनईएफटी करताना खातेदाराचं नाव आधी दिसण्याची सोय रिझर्व्ह बँकेनं १ एप्रिल २०२५ पर्यंत सगळ्या बँकांना द्यायला लावलीय, ती प्रत्येक नव्या खात्याला वापरायची. कारण पैसे जमा होतात ते नुसत्या खाते क्रमांकावर, नाव काहीही लिहा.

मेंटेनन्सची सूचना आता अशी जाते:

"शनिवारी रात्री १० ते रविवारी पहाटे ५ व्हीपीएन बंद. सोमवारी नेहमीच्याच आयकॉनवरून कनेक्ट करा, अपडेट तिथेच आपोआप होईल. या कामासाठी आयटी तुम्हाला फोन करणार नाही, लिंक पाठवणार नाही, कोड मागणार नाही. कुणी मागितला तर फोन ठेवा आणि ओळखपत्रामागे छापलेल्या नंबरवर तुम्ही फोन करा."

हिशेबाचं काम करणाऱ्यांना आम्ही आकडी कोडऐवजी यूएसबी सिक्युरिटी की दिल्या. ती की पत्ता स्वतः तपासते आणि खोट्या पानावर चालतच नाही, मग बोलणारा कितीही गोड बोलो. सगळ्यांना देणं खर्चामुळे जमलेलं नाही. बाकीच्यांसाठी अजून पत्ता वाचणं हाच उपाय आहे.

पैशांचं म्हणाल तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर शुक्रवारीच फोन केला आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवली. तिथे व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, पैसे गेलेलं खातं, आयएफएससी आणि वेळ मागतात, ते हाताशी ठेवूनच फोन लावा. अशी घुसखोरी लक्षात आल्यापासून ६ तासांत कंपनीनं केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेलाही कळवावं लागतं, incident@cert-in.org.in वर. मंगळवारचे पैसे शुक्रवारपर्यंत चार खात्यांतून फिरून बरेचसे काढले गेले होते. एका खात्यात लाखभर सापडले, ते बँकेनं गोठवले. ते सोडवण्यासाठी कोर्टात अर्ज केलाय, आणि खोक्यांच्या पार्टीला त्यांचं बिल आम्ही पुन्हा भरलं.