भिंतीलगत सोडलेला टेप आणि ७१ टनांची तूट: सायलोतील गहू खरेदीतला फसवणुकीचा अनुभव

सायलोत साठवलेला गहू जागेवरच, न तोलता, केवळ मापावरून विकत घेण्याचा व्यवहार मी केला आणि त्यात माझी जाणूनबुजून फसवणूक झाली. माल मापून विकण्यात गैर काही नाही, कारण शेकडो टन धान्य बाहेर काढून तोलणे प्रत्येक वेळी शक्य नसते. मात्र माप कोठे घेतले आणि घनता कशी काढली, या दोन जागी विक्रेत्याला हवा तसा आकडा बसवता येतो. माझ्या बाबतीत ते नेमके कसे केले गेले, हे अशा व्यवहारात उतरणाऱ्या प्रत्येकाला कळावे म्हणून तपशिलाने लिहीत आहे.

सायलो सपाट तळाचा आणि गोल होता. आतील व्यास १० मीटर आणि भिंतीची उंची १४ मीटर, हे दोन्ही आकडे खरे होते. मोजणीच्या दिवशी विक्रेत्याच्या माणसाने छपराच्या कडेला असलेल्या झडपेतून वजन लावलेला टेप आत सोडला. भिंतीच्या माथ्यापासून २ मीटर खाली वजन धान्याला टेकले, म्हणजे धान्याची उंची १२ मीटर ठरली. तळाचे क्षेत्रफळ ७८.५ चौरस मीटर आणि उंची १२ मीटर, यांवरून सुमारे ९४२ घनमीटर धान्य असल्याचे कागदावर आले. घनता दर घनमीटरला ८२० किलो धरून एकूण वजन ७७३ टन लिहिले गेले. छपराच्या मध्यावरील झडप गंजून अडकली आहे, असे मला सांगण्यात आले; ती उत्तम उघडते हे माल उचलायला सुरुवात होण्याआधीच दिसले, आणि त्याच दिवशी संशयाला जागा मिळाली.

सपाट तळाच्या सायलोतून मध्यभागच्या तोंडाने धान्य काढू लागले की ते खालून थराथराने उतरत नाही. तोंडाच्या बरोबर वरचा उभा स्तंभ आधी खाली सरकतो, त्याची जागा घ्यायला पृष्ठभागावरचे धान्य चहूबाजूंनी मध्याकडे घरंगळते आणि वरच्या बाजूला नरसाळ्यासारखा खोलगट खड्डा पडतो. हा खड्डा रुंदावत भिंतीपर्यंत पोहोचेतोवर भिंतीलगतचे धान्य जागचे हलत नाही. म्हणजे आधी सपाट असलेल्या साठ्यातून बराच माल काढून घेतला, तरी कडेच्या झडपेतून सोडलेला टेप पूर्वीचाच आकडा दाखवत राहतो.

हा बराच म्हणजे किती, ते याच सायलोवर मोजता येते. गव्हाचा खड्डा साधारण २५ ते २८ अंशांच्या उताराने स्थिरावतो. येथे मध्यावरची झडप उघडून टेप सोडला, छपराचा चढ वजा केला, तेव्हा मध्यावरचे धान्य भिंतीलगतच्या पातळीपेक्षा २.५ मीटर खाली असल्याचे आढळले. ५ मीटर त्रिज्येवर २.५ मीटर उतार म्हणजे सुमारे २६.५ अंश, त्यामुळे खड्डा भिंतीपर्यंत सरळ उताराचा आहे हे मानायला हरकत नव्हती. शंकूचे घनफळ तळाचे क्षेत्रफळ गुणिले उंची याच्या एकतृतीयांश असते, म्हणून ७८.५ गुणिले २.५ भागिले ३, म्हणजे ६५ घनमीटर जागा रिकामी होती. प्रत्यक्ष धान्य ८७७ घनमीटरच होते. वेगळ्या शब्दांत, भिंतीवरच्या आकड्यातून खड्ड्याच्या खोलीचा एकतृतीयांश भाग वजा केला की सरासरी उंची मिळते: १२ ऐवजी ११.१७ मीटर.

हीच एकतृतीयांशाची बाब उघड्यावरच्या ढिगालाही लागू आहे. तेथे शेंड्याची उंची मोजून तिची निम्मी उंची सरासरी म्हणून धरण्याची पद्धत विक्रेते सहजपणे पुढे करतात. शंकूच्या ढिगात त्यामुळे माल दीडपट दिसतो.

दुसरी चलाखी घनतेत होती. लिटरचे भांडे भरून वजन घेताना धान्य ठराविक उंचीवरून सैल पडू द्यायचे असते आणि वरचा भाग पट्टीने एकदाच सपाट कापायचा असतो. विक्रेत्याच्या माणसाने भांडे भरले, टेबलावर दोनतीनदा आपटले, धान्य खाली बसल्यावर वर आणखी मूठभर घातले आणि मग पट्टी फिरवली. वजन ८२० ग्रॅम आले. त्याच साठ्यातील नमुना नंतर न आपटता भरला, तेव्हा तो ७७० ग्रॅमच भरला. येथे विक्रेत्याच्या बाजूचीही एक गोष्ट खरी आहे आणि ती नाकारणे योग्य होणार नाही: उंच सायलोत धान्य स्वतःच्या भाराने दबते, त्यामुळे सैल मापापेक्षा प्रत्यक्ष घनता काही टक्क्यांनी जास्त असते. ही वाढ वेगळी नोंदवून तिच्यावर दोघांनी सहमत व्हावे. भांडे आपटून ती आकड्यात चोरून घालू नये.

सगळा माल वजनकाट्यावरून गेला, तेव्हा एकूण ७०२ टन भरला. ८७७ घनमीटरांना ते दर घनमीटरला ८०० किलो पडतात, म्हणजे सैल घनतेपेक्षा सुमारे ४ टक्के जास्त. १२ मीटर उंचीच्या साठ्याला हे साजेसे आहे, आणि म्हणूनच खड्ड्याचे माप बरोबर होते याची मला खात्री पटली. ७१ टनांच्या तुटीपैकी सुमारे ५२ टन खड्ड्याचे आणि १९ टन फुगवलेल्या घनतेचे होते.

विक्रेत्याने प्रथम सांगितले की धान्य आतच राहिले असेल. ही शक्यता मी गंभीरपणे घेतली होती, कारण सपाट तळावर तोंडातून आपोआप वाहणे थांबले तरी भिंतीभोवती धान्याचे कडे उरते. या सायलोत ते सुमारे १३० घनमीटर, म्हणजे शंभर टनांहून अधिक होते. पण ते फिरत्या ऑगरने ओढून, तळ झाडून आम्ही बाहेर काढले होते आणि त्याचे वजन ७०२ टनांत धरलेले होते. मग ओलावा उडाल्याने घट आली, असे कारण पुढे आले. गहू मोजणीच्या वेळी १३ टक्के ओलाव्याचा होता. ७७३ टनांत कोरडा भाग ६७२ टन होतो. तो ७०२ टनांत बसायचा तर उचल होईपर्यंत ओलावा साधारण ४ टक्क्यांवर यायला हवा, आणि साठ्यातला गहू आपोआप एवढा वाळत नाही. उचललेल्या मालाचा ओलावा मापकावर १२.८ टक्के होता. या हिशोबाला उत्तर मिळाले नाही. करारात ‘मोजणी अंतिम’ असे लिहिलेले असल्याने तूट माझ्याच माथी राहिली.

आता मी करारात काट्यावरचे वजनच अंतिम ठेवतो आणि मापाचा उपयोग केवळ आगाऊ रक्कम ठरवण्यापुरता करतो. टेप कडेला, मध्यावर आणि जमल्यास दोघांच्या मधल्या एका जागीही सोडायला लावतो, कारण खड्डा भिंतीपर्यंत पोहोचलेला नसेल तर दोन मापांवरून त्याची रुंदी कळत नाही. मापे बाहेरून, झडपेतूनच घ्यावीत. धान्य वाहत असताना सायलोत उतरलेला माणूस काही सेकंदांत आत ओढला जातो. मोजणी झाल्याबरोबर तळाच्या तोंडाला दोन्ही पक्षांचे सील लावावे, आणि उचलीच्या सकाळी ते उघडण्याआधी तिन्ही मापे पुन्हा घेऊन पहिल्या कागदाशी ताडून पाहावीत.