पायथन शिकायचंय: एनपीटीईएल, हार्वर्डचा फुकट कोर्स की स्वतःच्या वेगाने व्हिडिओ? शेवटपर्यंत कुठला नेईल?

पायथन शिकवणारे कोर्स ढिगाने आहेत आणि शिकवतात बहुतेक सगळे चांगलंच, त्यामुळे कोणता चांगला यापेक्षा मी कोणता पूर्ण करेन हा प्रश्न आधी विचारा असं माझं म्हणणं आहे. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर हार्वर्ड आणि एमआयटीचे जे कोर्स असतात त्यांचा अभ्यास २०१९ मध्ये सायन्स या नियतकालिकात आला होता. त्यात २०१७-१८ सालात नाव नोंदवलेल्यांपैकी साधारण ३ टक्के लोकांनीच कोर्स पूर्ण केला, पण सर्टिफिकेटसाठी पैसे भरलेल्यांमध्ये तेच प्रमाण ४६ टक्के होतं. आता पैसे भरणारा माणूस मुळातच जास्त गंभीर असतो हे खरं, सगळं श्रेय पैशाला देता येत नाही, तरी एवढा फरक दुर्लक्ष करण्यासारखा नाहीये.

आधी एनपीटीईएल, म्हणजे आयआयटीसारख्या संस्थांचे ऑनलाइन कोर्स घेऊ, कारण बाहेरून लावलेली डेडलाइन म्हणजे काय ते तिथे स्वच्छ दिसतं. कोर्स ४, ८ किंवा १२ आठवड्यांचे, जानेवारी आणि जुलैच्या बॅचमध्ये सुरू होतात, दर आठवड्याला असाइनमेंट आणि तिची तारीख ठरलेली. शिकणं फुकट, पण सर्टिफिकेट हवं तर परीक्षेचा फॉर्म वेगळा भरायचा (फी गेली काही वर्षं एक हजार रुपये), शहर निवडायचं आणि ठरलेल्या दिवशी सेंटरवर जाऊन बसायचं. नेहमीचा हिशोब असा की असाइनमेंटचे २५ मार्क, परीक्षेचे ७५, आणि पास व्हायला असाइनमेंटमध्ये १० आणि परीक्षेत ३० तरी हवेत. १२ आठवड्यांच्या कोर्सला सगळ्यात चांगल्या ८ असाइनमेंट धरतात, म्हणजे मार्च एंडिंग आलं, घरात लग्न निघालं, दोन-तीन आठवडे बुडाले तरी गाडी रुळावर राहते. हा भाग मला फार शहाणपणाचा वाटतो, कारण एक आठवडा चुकला की आता काय उपयोग म्हणून सोडून देणारे खूप असतात.

याची कमकुवत बाजू म्हणजे असाइनमेंट आणि परीक्षेत बराच भाग पर्याय निवडण्याचा असतो. कोडचा तुकडा देऊन आउटपुट काय येईल विचारतात, त्याने समज तपासली जाते, पण कोऱ्या फाइलपासून स्वतःचं काही लिहायचा सराव त्यातून होईलच असं नाही. सर्टिफिकेट हातात आणि तरी ऑफिसच्या एक्सेल शीटवर चालेल असा दहा ओळींचा प्रोग्राम सुचत नाही, असं होऊ शकतं.

हार्वर्डचा पायथन कोर्स, जो स्क्रीनवर CS50P नावाने दिसतो, तो बरोबर उलटा आहे. आठवडे ० ते ९, नऊ प्रॉब्लेम सेट, आणि शेवटी स्वतःचा फायनल प्रोजेक्ट. प्रोजेक्टच्या अटी अगदी नेमक्या आहेत: `project.py` मध्ये `main` आणि त्याशिवाय किमान तीन फंक्शन, ती बरोबर चालतात का ते तपासणाऱ्या टेस्ट `test_project.py` मध्ये, प्रोजेक्टची माहिती देणारी एक `README.md`, आणि तीन मिनिटांच्या आतला व्हिडिओ. हार्वर्डचं स्वतःचं सर्टिफिकेट फुकट आहे, एडएक्सचं हवं असेल तर पैसे. पण डेडलाइन म्हणाल तर वर्षाखेरची, आणि तीही चुकली तर झालेलं काम पुढच्या वर्षात नेता येतं. म्हणजे प्रोजेक्ट भक्कम आणि धाक जवळजवळ शून्य.

तिसरा पर्याय म्हणजे सेलमध्ये घेतलेला रेकॉर्डेड कोर्स, युडेमीवर असतात तसा. विषय नेमका निवडता येतो आणि मागे जाऊन परत बघता येतं, त्यामुळे आधीच थोडं येतंय आणि एखादाच भाग हवाय त्याला हाच बरा. नवख्याला मात्र मी सुचवणार नाही, कारण कायमचा अॅक्सेस असला की आज बसायलाच हवं असं काही उरत नाही.

मग स्वतःच डेडलाइन ठरवली तर? एरिअली आणि वर्टेनब्रॉख यांच्या २००२ च्या प्रयोगात लोकांना मजकुरातल्या चुका शोधायचं काम दिलं होतं. ज्यांना सारख्या अंतराने तारखा बाहेरून लावून दिल्या त्यांचं काम सगळ्यात चांगलं झालं, ज्यांनी स्वतः तारखा ठरवल्या ते मध्ये, आणि ज्यांना फक्त शेवटची एकच तारीख होती ते सगळ्यात मागे. म्हणून स्वतःची तारीख ठेवायचीच असेल तर ती दुसऱ्या कुणाच्या तरी कॅलेंडरला बांधा.

उदाहरण घ्या. एक ताई सोसायटीच्या खजिनदार आहेत, मेंटेनन्स कुणी भरला, कुणाचा किती दिवस उशीर, हे दर महिन्याला हाताने काढतात. त्यांनी CS50P धरला तर प्रोजेक्ट समोरच आहे: बँकेची सीएसव्ही फाइल वाचायची आणि थकबाकीदारांची यादी काढायची. आणि तारीख द्यायची ती सेक्रेटरींना, "ऑगस्टच्या कमिटी मीटिंगला यादी प्रोग्राममधून काढून आणते," असं सांगून. "कोर्स कुठवर आला?" या प्रश्नाला "चाललाय" म्हणून सुटता येतं, यादी मागितली की ती दाखवावीच लागते.

सुरुवात एवढ्यानेच करायची:

```python
def late_days(paid, due):
    return max((paid - due).days, 0)
```

आणि टेस्ट:

```python
from datetime import date
from project import late_days

def test_late_days():
    due = date(2025, 4, 10)
    assert late_days(date(2025, 4, 15), due) == 5
    assert late_days(date(2025, 4, 8), due) == 0
```

दुसरी `assert` महत्त्वाची, कारण `max` विसरलात तर दोन दिवस आधी भरणाऱ्याला उणे दोन दिवस उशीर दिसेल आणि पुढे व्याजाचा हिशोबही चुकेल. अशी चूक व्हिडिओ बघून कधी लक्षात येत नाही, स्वतःच्या सोसायटीचा डेटा घातला की लगेच येते. याच्या जोडीला फाइल वाचणारं एक आणि यादी छापणारं एक फंक्शन, त्यांच्याही टेस्ट, झाली फंक्शनची किमान अट (प्रॉब्लेम सेटपेक्षा जास्त मेहनत मात्र अपेक्षित आहे, म्हणून व्याजाचं फंक्शनही घाला).

आता जे बरेच जण चुकवतात ते सांगते. प्रोजेक्ट शेवटासाठी ठेवू नका. या कोर्समध्ये टेस्ट आठवडा ५ मध्ये येतात, फाइल वाचणं ६ मध्ये, म्हणजे वरच्या प्रोजेक्टला लागणारं जवळजवळ सगळं तिथेच मिळून जातं. ७ मध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन्स, ८ मध्ये क्लासेस, दोन्ही जड, आणि अडकून सोडून द्यायची वेळ येते ती इथे. तेव्हा हातात अर्धा चालणारा प्रोग्राम असेल तर परत यायला कारण असतं. स्कोप वाढवू नका, वॉट्सअॅपवर रिमाइंडर, मोबाइल अॅप वगैरे डोक्यात यायला लागलं की समजा प्रोजेक्ट लांबणार, ते सगळं `README.md` मध्ये "पुढे करायचं" म्हणून लिहून ठेवा.

तर निवड कशी करायची? कॉलेजात असाल, क्रेडिट किंवा सर्टिफिकेटचा उपयोग असेल, किंवा बाहेरून कुणी तारीख लावल्याशिवाय आपण बसत नाही हे तुम्हाला माहीत असेल तर एनपीटीईएल, आणि परीक्षेचा फॉर्म उघडल्यावर लवकर भरून टाका, शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका. सोबत हा छोटा प्रोजेक्ट स्वतःच जोडा, मार्क नसले तरी. नोकरी करत असाल आणि रोजचं एखादं कंटाळवाणं काम हलकं करायचं असेल तर CS50P, पण यादी मागणारा माणूस सापडल्यावरच सुरू करा. तो सापडत नसेल तर माझं मत एनपीटीईएलच्या पुढच्या बॅचची वाट बघा असं आहे, मध्ये दोन-तीन महिने गेले तरी चालतील.